सात जण, सात आवडी, एकच सिनेमा : कोणी कंटाळणार नाही असा निवडायचा कसा?

मनीप्लांट
नमस्कार मंडळी. आमचा कॉलेजचा सात जणांचा ग्रुप आहे, दोन-तीन महिन्यांतून एकदा ठाण्याला आमच्याकडे जमतो, जेवण-गप्पा आणि मग एक सिनेमा असा बेत असतो. जेवण छान होतं, गप्पा छान होतात आणि सिनेमा लावला की सगळं विस्कटतं. मागच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर पोल टाकला, चार सिनेमे ठेवले होते, त्यातल्या एकाला सर्वात जास्त मतं पडली म्हणून तो लावला. अडीच तासांचा युद्धपट होता, सिनेमा वाईट नव्हता हो, पण अर्ध्या तासात एक मित्र झोपला, एक मैत्रीण माझ्याबरोबर किचनमध्ये येऊन भांडी विसळायला लागली (मी नको म्हणत असताना), एक जण गॅलरीत फोनवर गेला तो शेवटालाच आत आला. मला खरंच वाईट वाटलं, इतक्या लांबून येतात सगळे.
आता पुढच्या शनिवारी परत जमतोय. माणसं अशी आहेत: मी (रहस्य वगैरे आवडतं), नवरा (चित्र आणि आवाज चांगला पाहिजे, बाकी काहीही चालतं), डॉक्टर मैत्रीण, एक बँकवाला जो ओटीटीवर आलेलं सगळं पहिल्या आठवड्यात बघून टाकतो, एक हैदराबादचा मित्र ज्याला मराठी कळत नाही पण हिंदी-इंग्रजी उत्तम, एक डोंबिवलीकर ज्याला सबटायटल्स वाचायचा कंटाळा येतो, आणि एक जिमवाला, त्याला मारामारीशिवाय काही आवडतच नाही असं तो म्हणतो. काय लावू?

सदाशिव_पेठी
एवढा काय विचार करायचा, सरळ अशी ही बनवाबनवी लावा. १९८८ चा सिनेमा, अजून कुणाला कंटाळा आलेला बघितला नाही. आमच्याकडे दर गणपतीत लागतो.

मनीप्लांट
अहो मला पण तो लाडका आहे, पण हैदराबादचा मित्र काय करेल? आपण सगळे संवाद आधीच म्हणणार आणि तो बिचारा आमच्या तोंडाकडे बघत बसणार.

पडदानशीन
मनीप्लांट, तुमची अडचण वाचून अगदी ओळखीची वाटली. मी नाशिकला आमच्या सोसायटीत नऊ वर्षं महिन्याला एक सिनेमा दाखवतो, क्लब हाऊसमध्ये प्रोजेक्टर लावून, पंधरा ते पंचवीस माणसं असतात. सुरुवातीची दोन वर्षं आमचंही असंच व्हायचं. त्यातून जे कळलं ते सांगतो.
पहिलं म्हणजे तुमच्या त्या पोलमध्ये जिंकलेल्या सिनेमाला मतं किती होती? सातातली तीन असतील. म्हणजे चार जणांनी तो मागितलाच नव्हता! एकाला एकच मत असलं की असं होतं, तिघांचा अगदी आवडता असलेला सिनेमा बाकी चौघांच्या डोक्यावर बसतो. त्यामुळे 'काय बघायचं' हे आधी विचारूच नका, आधी विचारा 'काय नको'. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आणि ती सिनेमाचं नाव म्हणून नाही तर प्रकार म्हणून. आमच्याकडे एका आजोबांनी सांगितलं की घोड्याला किंवा कुत्र्याला काही झालेलं बघवत नाही. हे कुठल्या पोलमध्ये कळलं असतं? ते नुसते उठून घरी गेले असते आणि आम्हाला वाटलं असतं त्यांना सिनेमा संथ वाटला.
नको काय ते कळलं की एका माणसाने (तुम्हीच करा) चार नावं काढायची, आणि मग पोल टाकायचा, पण त्यात 'एकच निवडा' नाही. 'यातले जे जे चालतील त्या सगळ्यांवर टिक करा'. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये एकापेक्षा जास्त उत्तरं देता येतात, ते बटण चालू ठेवा.

मनीप्लांट
बरोबर ओळखलंत, तीनच होती. ३, १, १, १ असा निकाल होता. आणि ती तीन मतं कुणाची होती ते पण आता आठवलं, तेच तिघं शेवटपर्यंत बघत बसले होते.

घड्याळजी
माझा अनुभव सांगतो, लांबी बघा फक्त. शंभर मिनिटांच्या आतला कुठलाही सिनेमा लावा, कोणी कंटाळत नाही. सैराट जवळजवळ तीन तासांचा आहे, तसलं काही ग्रुपला लावूच नये.

पडदानशीन
घड्याळजी, लांबीला महत्त्व आहे पण तुम्ही म्हणता तसं नाही. आम्ही एकदा कोर्ट लावला, चैतन्य ताम्हाणेंचा, दोन तासांच्या आतच आहे. मला स्वतःला तो फार म्हणजे फार आवडतो. पण त्यात कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि आपण कोपऱ्यातल्या माणसांकडे बघत बसायचं असतं, तीच त्याची गंमत आहे. त्या दिवशी वीसातले आठ जण मध्यंतरापर्यंत टिकले. त्याच्या दोन महिने आधी अंधाधुन लावला होता, तो सव्वादोन तासांच्यावर आहे, एक माणूस हलला नाही. आणि सैराट आमच्याकडे पण लागला होता, पूर्ण बघितला सगळ्यांनी.
मग मी याचा विचार करायला लागलो की फरक कशात आहे. माझ्यापुरतं मी एक ठरवलं, मी त्याला चहाची परीक्षा म्हणतो. समजा कोणी मधेच चहा टाकायला उठलं, पाच मिनिटांनी परत आलं आणि शेजारच्याला विचारलं 'काय झालं?', तर शेजाऱ्याला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'त्याला कळलं की ती खोटं बोलतेय.' झालं, माणूस परत सिनेमात. कोर्टमध्ये तुम्ही काय सांगणार? 'काही नाही, वकील दुकानात खरेदी करत होता.' खरं तर त्या खरेदीतच सगळं आहे, पण ते सांगून कळत नाही, बघावंच लागतं. असे सिनेमे एकट्याने किंवा दोघांनी बघायचे. घरी सात जण असले की कोणीतरी उठणारच, पाणी, बाथरूम, घरून फोन. त्यामुळे अशा वेळी ज्याला एक ठसठशीत प्रश्न आहे असा सिनेमा लागतो, आणि तो प्रश्न पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सगळ्यांना कळलेला असला पाहिजे.

घड्याळजी
हे पटलं. पण तरी रात्री अकराला अडीच तासांचा लावला तर प्रश्न कितीही ठसठशीत असो, आमच्यासारखे झोपणारच.

पडदानशीन
शंभर टक्के. म्हणून जेवणाआधी लावायचा. साडेसातला सुरू, साडेनऊ-पावणेदहाला संपला, मग जेवायला बसा, आणि मग जेवताना त्याच्यावरच बोलणं होतं. जेवून वर बासुंदी खाऊन लावलेला सिनेमा कितीही चांगला असला तरी फुकट जातो.

सोनचाफा२२
मला हा धागा फार उपयोगी पडणार आहे! आमच्याकडे सासूबाई (७४), मुलगा आठ वर्षांचा, मुलगी तेरा वर्षांची आणि आम्ही दोघं. मुलीला सगळं बालिश वाटतं, मुलाला वाचता येतं पण सबटायटल्स पटापट जातात, सासूबाईंना सिनेमात शिव्या आल्या की त्या देवघरात जातात. मुलांसाठी कुठला सिनेमा लावावा?

मनीप्लांट
सोनचाफा, माझा प्रश्न मित्रांच्या ग्रुपचा आहे गं, पण इथे कोणी सांगितलं तर मलाही वाचायला आवडेल.

पंढरीनाथ_बी
सोनचाफा ताई, परेश मोकाशींचा एलिझाबेथ एकादशी (२०१४) बघितला नसेल तर तो लावा. पंढरपूरचा आहे, कर्ज फेडायला मुलाची सायकल विकायची वेळ येते आणि मुलं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचा ठेला लावतात, पैसे जमणार का एवढाच प्रश्न. दीड तासाच्या आसपास आहे. मी पंढरपूरचाच, त्यामुळे माझं मत जरा त्या बाजूला झुकलेलं समजा. मुलांच्या तोंडी थोडी गावरान भाषा आहे, आधी स्वतः बघून मग सासूबाईंना दाखवा.
आणि पडदानशीन म्हणतात ती चहाची परीक्षा यात बसते बघा. 'किती जमले?' एवढं विचारलं की पुरे.

शून्य_एक
थोडं वेगळ्या बाजूने लिहितो. शिफारशी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत होतो काही वर्षं. एका माणसाला काय आवडेल हे सांगणं त्या मानाने सोपं, ग्रुपला काय आवडेल हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याच्यावर बरंच काम झालेलं आहे. मिनेसोटा विद्यापीठाची मुव्हीलेन्स नावाची साइट आहे, सिनेमांना मार्क द्यायची. त्यांनी ग्रुपसाठी पॉलीलेन्स म्हणून एक प्रकार केला होता, २००१ मध्ये त्यावर पेपर आला. त्यात त्यांनी सरासरी घेतली नव्हती, ग्रुपमधला सगळ्यात कमी मार्क देणारा जो असेल त्याचा मार्क तोच त्या सिनेमाचा मार्क, असं धरलं होतं.
सरासरीत काय होतं ते तुमच्या सात जणांवर बघू. एका सिनेमाला मार्क पडले ५, ५, ५, ५, ५, २, १. बेरीज २८. दुसऱ्याला ४, ४, ४, ४, ४, ३, ३, बेरीज २६. सरासरीने पहिला जिंकतो. पण तुमच्या दिवाणखान्यात पहिला लावला तर दोन माणसं उठून जाणार, आणि दोन माणसं उठून गेली की उरलेल्या पाचांचं लक्ष पण तिकडेच, घरच्या बाईचं तर नक्कीच (तुम्ही किचनमध्ये होतात ना?). म्हणजे त्या पाचांचे ५ मार्क खरे ५ राहत नाहीत. लहान ग्रुपला, जिथे सगळे एका खोलीत आहेत, तिथे तळाचा मार्क बघावा.

काजळमाया
शून्य_एक, गणित कळलं पण मला हे मुळातच पटत नाही. दर वेळी कुणालाच खुपणार नाही असं निवडत गेलात तर सगळं तीन-चार मार्कांचं बघत बसाल. मी आयुष्यात जे सिनेमे विसरले नाही ते सगळे कोणीतरी जबरदस्तीने दाखवलेले आहेत. फँड्री मला मैत्रिणीने हाताला धरून दाखवला, माझा मूड अजिबात नव्हता, आणि त्या शेवटानंतर आम्ही दोघी कितीतरी वेळ बोललो नाही. आमच्या ग्रुपमध्ये पाळी असते, ज्याची पाळी त्याचा सिनेमा, बाकीच्यांनी निमूट बसायचं. एखादा कंटाळवाणा निघतो, निघू दे.

शून्य_एक
पाळी चांगली आहे जर ग्रुप दर आठवड्याला भेटत असेल. मनीप्लांटचा ग्रुप वर्षातून चार-पाच वेळा भेटतो, सात माणसं, म्हणजे प्रत्येकाची पाळी दीड वर्षाने येणार. तोवर कोण लक्षात ठेवतं.

काजळमाया
तरी पण. दीड वर्षाने का होईना, मला माझी पाळी मिळेल हे माहीत असलं की मी दुसऱ्याच्या सिनेमाला नीट बसते. माणूस कंटाळतो तो सिनेमामुळे कमी आणि आपल्याला कोणी विचारलंच नाही यामुळे जास्त, असं माझं मत आहे.

मनीप्लांट
काजळमाया, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मागच्या वेळचा गॅलरीतला मित्र आठवला, त्याने पोलमध्ये मतच दिलं नव्हतं.
बरं, पडदानशीन यांनी सांगितलं तसं काल ग्रुपवर 'काय नको' विचारलं. उत्तरं आली ती अशी. डॉक्टर: हॉस्पिटल आणि आजारी मूल नको, दिवसभर तेच असतं. (मला वीस वर्षांत हे माहीत नव्हतं! आणि मी तिला दोनदा तसले सिनेमे दाखवले आहेत.) बँकवाला: बघितलेलं रहस्य परत नको. हैदराबादी: मराठी असेल तर सबटायटल्स हवेतच. डोंबिवलीकर: पूर्ण सिनेमाभर सबटायटल्स नको. जिमवाला: रडारड नको. नवरा: दर दहा मिनिटांनी गाणं नको. मी: भूत नको.
आता हैदराबादी आणि डोंबिवलीकर यांचं एकमेकांच्या विरुद्ध आहे, ते कसं सोडवू?

म्युनिकचा_मन्या
सबटायटल्सबद्दल माझं ऐका, इथे आमचा ग्रुप अर्धा मराठी अर्धा जर्मन आहे त्यामुळे हा अभ्यास झालाय. सबटायटल्स कुठे चालतात कुठे नाही ते सिनेमाच्या प्रकारावर आहे. थरारपटात चालतात. विनोदी सिनेमात नाही. कारण सांगतो, आम्ही एक मराठी विनोदी सिनेमा लावला, तर वाचणारे लोक वाक्य बोलायच्या आधीच वाचून हसतात, आणि ऐकणारे दोन सेकंदांनी हसतात, आणि त्या हसण्यात पुढचं वाक्य दोघांचंही बुडतं. दहा मिनिटांत दोन्हीकडचं हसणं थांबलं. कोणालाच कळेना काय झालं, सिनेमा तर विनोदी होता. त्यानंतर आम्ही विनोदी काही लावायचं तर जी भाषा सगळ्यांना येते त्याच भाषेतलं लावतो, आमच्या बाबतीत इंग्रजी, तुमच्या बाबतीत हिंदी.

पडदानशीन
मन्याने अगदी बारीक गोष्ट पकडली. मनीप्लांट, तुमचं उत्तर त्यातच आहे, दोघांना चालणारी भाषा हिंदी. यादीत निदान दोन हिंदी ठेवा. बाकी डोंबिवलीकरांना सबटायटल्सचा खरंच कंटाळा आहे की टीव्ही लांब आहे हे एकदा बघा. आमच्याकडे तीन जणांना सबटायटल्स 'आवडत नव्हते', त्यांना पुढच्या रांगेत बसवलं आणि सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली, तर त्यातले दोघं आता कोरियन बघतात.

सदाशिव_पेठी
मग अंधाधुनच लावा की, हिंदी आहे आणि पुण्यात घडतो!

मनीप्लांट
सातातल्या पाचांनी बघितलाय. आणि त्यातल्या डॉक्टरचं जे प्रकरण आहे ते बघता आमच्या डॉक्टरला तो नकोच.
माझी यादी: नाइव्ज आउट (२०१९, इंग्रजी), वाळवी (२०२३, मराठी), जाने भी दो यारो (१९८३), आणि एक रुका हुआ फैसला (१९८६). शेवटचं नाव बाबांनी सुचवलं, मी स्वतः बघितलेला नाही. कसं वाटतं?

पडदानशीन
यादी छान आहे, चारही चहाच्या परीक्षेत पास. फक्त प्रत्येक नावापुढे लांबी आणि एक ओळ लिहा, ट्रेलर पाठवू नका. ट्रेलर कोणी बघत नाही, आणि जो बघतो तो सगळी गंमत आधीच बघून बसतो. ओळीत प्रश्न लिहायचा. उदाहरणार्थ शेवटच्यासाठी: 'बारा माणसं, एक बंद खोली, मुलाने बापाचा खून केला का हे ठरवायचंय, अकरा म्हणतात केला, एक म्हणतो थांबा.' एवढंच.
त्याबद्दल थोडं लिहितो, माझा आवडता आहे. रेजिनाल्ड रोज यांनी १९५४ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक, त्यावर १९५७ मध्ये सिडनी ल्युमेटनी सिनेमा केला, आणि त्यावरून बासू चटर्जींनी हा हिंदी केला. गाणी नाहीत, साधारण दोन तास. पंकज कपूर सगळ्यात हट्टी माणूस झालेत, आणि अन्नू कपूर तेव्हा तिशीतले असून सगळ्यात म्हातारे झालेत, आधी सांगितलं नाही तर लोकांना खरं वाटत नाही. ग्रुपला तो का चालतो सांगू? त्यात परत परत मतं मोजतात. म्हणजे क्रिकेटच्या स्कोअरबोर्डसारखं आहे, किचनमधून आलेला माणूस विचारतो 'किती झाले?' आणि त्याला सगळं कळतं.
अडचण एकच, चित्र जुन्या टीव्हीसारखं दिसतं. तुमच्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवा.

घड्याळजी
पण भारतात ज्युरी कुठे असते? लोक पहिल्यांदा त्यावरच अडतील.

पडदानशीन
अडतात, दर वेळी कोणीतरी विचारतंच. पूर्वी आपल्याकडे ज्युरी होती, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरली नाही. सुरुवातीलाच सांगून टाकायचं की हे असं आहे असं धरून चला. दोन मिनिटांत विसरतात.

मनीप्लांट
पोलचा निकाल लागला! फैसला ६, नाइव्ज आउट ५, वाळवी ५, जाने भी दो यारो ४. बँकवाल्याने इंग्रजी बघितलाय पण हिंदी कसा केलाय ते बघायचंय म्हणून टिक केलं. डॉक्टरने पण केलं. राहिला जिमवाला, त्याने टिक नाही केलं, वर लिहिलं 'दोन तास भिंती बघायच्या का?'
आता शून्य_एक यांच्या हिशोबाने तळाचा मार्क त्याचा. मग हा बाद करू का?

शून्य_एक
तळाचा मार्क बघायचा म्हणजे एका माणसाने सगळं अडवून धरायचं असं नाही हं, ती या पद्धतीतली खरी पंचाईत आहे आणि काजळमाया म्हणतात त्यात तथ्य आहे. मी त्याला फोन करून एकच विचारेन, बघवणार नाही असं काही आहे का, की आवडणार नाही असं नुसतं वाटतंय? पहिलं असेल तर बाद. दुसरं असेल तर बोलता येईल.

काजळमाया
आणि त्याला पुढची पाळी द्या. मेसेजवर नको, सगळ्यांसमोर सांगा.

पडदानशीन
आणि एक दुसरा सिनेमा तयार ठेवा, नुसतं नाव नाही, टीव्हीवर उघडून पहिल्या सेकंदावर थांबवलेला. पंचवीस मिनिटं झाली की थांबवायचं आणि विचारायचं 'चालू ठेवू का बदलू?' फक्त हे सुरुवात करायच्या आधी सांगून ठेवायचं, नाहीतर लोक यजमानांना वाईट वाटेल म्हणून 'नाही नाही छान आहे' म्हणतात. आम्ही सगळ्यांना डोळे मिटायला लावून हात वर करायला सांगतो. आणि हो, कोणाच्या हातात फोन दिसला म्हणजे तो कंटाळला असं लगेच समजू नका, बरेचदा लोक नटाचं नाव शोधत असतात. कोणी 'अजून किती राहिलाय?' असं विचारलं की मात्र समजा सुटला हातातून.

मनीप्लांट
काल झालं एकदाचं! आठवणीने लिहितेय, कारण तुम्ही सगळ्यांनी इतक्या आपुलकीने सांगितलंत.
जिमवाल्याला फोन केला होता, तो म्हणाला बघवणार नाही असं काही नाही गं, फक्त जुना आहे. सगळ्यांसमोर सांगितलं की पुढचा सिनेमा तू ठरवायचा, तर खुलला एकदम. भेळ करून ठेवली होती, पावणेआठला लावला. डोंबिवलीकराला पुढच्या खुर्चीत बसवलं, सबटायटल्सची गरजच नव्हती.
पहिली दहा मिनिटं माझ्या पोटात गोळा होता. नवरा म्हणाला 'हे असं धुरकट दिसणार का पूर्ण?', मी नुसता हात दाबला. मग पहिल्यांदा मतं मोजली, अकरा विरुद्ध एक, आणि आमच्या डॉक्टरने मोठ्याने म्हटलं 'मी पण अकरात असते.' बँकवाला म्हणाला मी नसतो. आणि तिथून जे सुरू झालं! पंचवीस मिनिटांनी थांबवून डोळे मिटायला सांगितले तर जिमवाला म्हणाला 'ए लाव गं, वेळ नको घालवू.' मध्ये तो पाणी आणायला उठला आणि किचनमधून ओरडून विचारतोय, 'किती झाले?' पडदानशीन, मला तेव्हा तुमची इतकी आठवण झाली.
सगळंच गोड झालं असं नाही. नवऱ्याला शेवटपर्यंत तो आवाज खटकला, तो प्रामाणिकपणे म्हणाला की मला गोष्ट आवडली पण परत असला जुना प्रिंट नको. आणि हैदराबादच्या मित्राला दोन ठिकाणी भराभर बोललेलं हिंदी निसटलं, त्याने विचारलं नाही, नंतर जेवताना कळलं. त्याला मी आधी विचारायला हवं होतं. जेवण दहाला सुरू झालं आणि डोंबिवलीकर साडेअकराला निघाला तो सुद्धा दारात उभा राहून वाद घालत होता की मुलाने केला होता का नव्हता.

सदाशिव_पेठी
वा! वाचून बरं वाटलं. मी पण या रविवारी लावतो.

पडदानशीन
मनीप्लांट, फार आनंद झाला. हैदराबादच्या मित्राची गोष्ट मी पण लक्षात ठेवतो, हिंदी सिनेमाला हिंदी येणाऱ्यांसाठी सुद्धा सबटायटल्स लावावेत का याचा मी विचार केला नव्हता. खाली अक्षरं आली की डोळे तिकडेच जातात, मग चेहरे निसटतात. बघू, पुढच्या महिन्यात करून बघतो.

काजळमाया
जिमवाल्याने काय निवडलं?

मनीप्लांट
ट्रेन टू बुसान. कोरियन, २०१६ चा. मी 'भूत नको' म्हटलं होतं तर म्हणतो हे भूत नाही झॉम्बी आहेत, दोन्ही वेगळं. हिंदी डब मिळाला तर डोंबिवलीकर तयार आहे. मला विचारायचं होतं, डॉक्टरला चालेल का? हॉस्पिटल नाहीये ना त्यात?

म्युनिकचा_मन्या
हॉस्पिटल नाही, जवळजवळ सगळा आगगाडीत आहे. चहाची परीक्षा पास, 'कुठल्या डब्यात पोचले?' विचारलं की झालं. पण एक लहान मुलगी आणि तिचे बाबा आहेत त्यात, आणि मी आमच्याकडच्या दोन दणकट जर्मन माणसांना डोळे पुसताना बघितलंय. जिमवाल्याने 'रडारड नको' लिहिलं होतं ना? त्याने स्वतः पूर्ण बघितलाय का एकदा विचारा.